पास वसूल कधी होतो? मासिक पास की रोजचं तिकीट, याचा हिशोब

नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक जण उपनगरी गाडीचा मासिक पास काढून मोकळे होतात. रोज जायचंच आहे, मग पासच बरा, असा सरळ विचार असतो. जो आठवड्याचे सहाही दिवस कामावर जातो, त्याच्या बाबतीत तो बरोबरही ठरतो. पण आठवड्यात एखादा दिवस घरून काम असेल, दोन-तीन सुट्ट्या मध्ये येत असतील, कधी परतीला कुणाच्या गाडीतून येणं होत असेल, तर उत्तर इतकं सरळ राहत नाही. महिन्यागणिक ते बदलतं, आणि पास कोणत्या वारी सुरू केला यावरही बदलतं.

हा हिशोब पंधरा मिनिटांत होतो. एकदा नीट बसून केला की पुढच्या महिन्यांत पाच मिनिटंही लागत नाहीत. मी तो इथे एका उदाहरणावर करून दाखवते. त्यातली रक्कम कोणत्याही चलनात धरा. तुमच्या मार्गाचे आकडे घातलेत की रीत तीच राहते.

एक शब्द आधी ठरवून घेऊ. या लेखात फेरी म्हणजे एका बाजूचा प्रवास. घरून कामावर गेलात ती एक फेरी, परत आलात ती दुसरी. कामाच्या एका दिवसाच्या साधारण दोन फेऱ्या होतात.

पहिली पायरी: वसुलीचा आकडा काढा

पासची किंमत भागिले एका फेरीचं भाडं. जे उत्तर येईल, ते अपूर्णांकात असल्यास पुढच्या पूर्ण आकड्यावर न्या. तेवढ्या फेऱ्या झाल्या की पास वसूल झाला.

समजा मासिक पास १,३२० चा आहे आणि खिडकीवर एकेरी तिकीट ४० ला मिळतं. १,३२० भागिले ४० म्हणजे ३३ फेऱ्या, म्हणजे साडेसोळा दिवस. महिन्यात कामाचे वीस-बावीस दिवस असतात, त्यामुळे पास घ्यावा असं लगेच वाटतं.

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. पास नसता तर तुम्ही खिडकीवरचं तिकीट काढलं असतं का? अनेक ठिकाणी कार्डाने किंवा अ‍ॅपवरून तिकीट काढलं तर सवलत मिळते, कुठे परतीचं तिकीट दोन एकेरी तिकिटांपेक्षा स्वस्त असतं, कुठे दहा फेऱ्यांचं पुस्तक मिळतं, कुठे गर्दीच्या वेळेआधी निघालं तर भाडं कमी पडतं. तुलना करायची ती पास नसताना तुमच्या खिशातून खरोखर जाणाऱ्या रकमेशी. छापील भाडेपत्रकातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याशी केली, तर पास नेहमीच स्वस्त दिसणार.

आपल्या उदाहरणात कार्डावर दहा टक्के सवलत आहे असं धरू. फेरी ३६ ला पडते. आता १,३२० भागिले ३६ म्हणजे ३६.६७, म्हणून वसुलीचा आकडा ३७. एका सवलतीने तो ३३ वरून ३७ वर गेला, म्हणजे दोन पूर्ण दिवसांचं अंतर पडलं. ज्याचं महिन्याचं गणित ३५ फेऱ्यांच्या आसपास आहे, त्याचं उत्तर या एका सवलतीने उलटतं.

आणखी एक गोष्ट याच पायरीवर तपासा: पास आणि तिकीट दोन्हींत तेवढाच प्रवास मोजला जातोय ना? काही पास फक्त गाडीचे असतात आणि स्थानकापासून पुढच्या बसचं भाडं वेगळं पडतं. काही पासांत बस धरलेली असते. एका बाजूला बससह आणि दुसऱ्या बाजूला बसशिवाय अशी तुलना झाली तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

दुसरी पायरी: येणाऱ्या तीस दिवसांचं कॅलेंडर उघडा

मी नेहमी सांगते की महिन्याची सरासरी धरू नका. प्रत्यक्ष कॅलेंडर समोर घ्या, पास ज्या तारखांना चालणार आहे त्या तारखा घ्या आणि एकेक दिवस पुसत जा.

पास किती दिवस चालतो हे आधी पाहायचं. काही ठिकाणी तो १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच असतो. तिथे सुरुवात तुमच्या हातात नसते, पण महिने सारखे नसतात हे लक्षात ठेवायचं. अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत सोमवार ते शुक्रवार असे कामाचे दिवस नेमके वीस असतात. एकतीस दिवसांच्या महिन्यात ते एकवीस ते तेवीस असू शकतात. पासची किंमत मात्र दोन्ही महिन्यांत सारखीच असेल, तर फेब्रुवारीचा पास दर दिवसामागे महाग पडतो.

जिथे पास काढल्या दिवसापासून तीस दिवस चालतो, तिथे मजा वेगळी आहे. तीस दिवस म्हणजे चार पूर्ण आठवडे आणि वर दोन दिवस. चार आठवड्यांत कामाचे वीस दिवस येणारच, पास कोणत्याही वारी सुरू करा. प्रश्न उरलेल्या दोन दिवसांचा. पास ज्या वारी सुरू झाला तो वार आणि त्याच्या पुढचा वार, हे दोन वार पाच-पाच वेळा येतात. बाकीचे पाच वार चार-चार वेळाच येतात.

म्हणून सोमवार, मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी सुरू केलेल्या तीस दिवसांच्या पासात कामाचे बावीस दिवस मिळतात. शुक्रवारी सुरू केला तर एकवीस, कारण जादा दिवसांतला एक शनिवार असतो. रविवारी सुरू केला तरी एकवीस. आणि शनिवारी सुरू केला तर फक्त वीस, कारण दोन्ही जादा दिवस सुट्टीचे पडतात. एकाच किमतीच्या पासात, फक्त सुरुवातीच्या वारामुळे, चार फेऱ्यांचा फरक! शनिवारी सवड असते म्हणून शनिवारी जाऊन त्याच दिवसापासूनचा पास काढणारे लोक सगळ्यात कमी दिवसांचा पास विकत घेत असतात. अनेक ठिकाणी पास आज काढून पुढच्या तारखेपासून सुरू करता येतो. तसं असेल तर शनिवारी काढा, पण सुरुवात सोमवारची टाका.

आठवड्यात सहा दिवस काम असलेल्यांना एवढी काळजी नको. त्यांना सोमवार ते शुक्रवारपैकी कोणत्याही दिवशी सुरुवात केली तर सव्वीस दिवस मिळतात, शनिवारी किंवा रविवारी केली तर पंचवीस. बावन्न किंवा पन्नास फेऱ्यांपुढे ३७ चा आकडा सहज मागे पडतो. त्यांनी पास घ्यावा आणि पुढचा लेख वाचला नाही तरी चालेल.

बाकीच्यांनी आता दिवस पुसायला लागायचं. सार्वजनिक सुट्ट्या पुसा. ठरलेली रजा पुसा. घरून कामाचे दिवस पुसा. कामासाठी बाहेरगावी जायचं असेल ते दिवस पुसा. उरलेल्या दिवसांना दोनने गुणा आणि मग त्यातून एकेक फेरी वजा करा: आठवड्यातून एकदा परतीला मित्राच्या गाडीतून येणं, उशीर झाला की रिक्षा-टॅक्सी, सकाळी कुणी स्थानकापलीकडे सोडणं. दोनने गुणून थांबणं ही दुसरी मोठी चूक. माणूस जातो तितक्या वेळा त्याच वाटेने परततोच असं नाही.

तुम्ही काही महिने या मार्गावर तिकीट काढून प्रवास केला असेल, तर अंदाज करायची गरजच नाही. कार्डाच्या किंवा अ‍ॅपच्या इतिहासात मागच्या दोन महिन्यांच्या फेऱ्या मोजा. आपल्या आठवणीत आपण रोज गेलेलो असतो. नोंदीत आजारपण, पाहुणे, गाडी बंद पडलेला दिवस असं सगळं निघतं. मी हे ज्यांना करायला लावलं, त्यांचा मोजलेला आकडा जवळपास प्रत्येक वेळी मनातल्या आकड्यापेक्षा कमी निघाला.

तिसरी पायरी: शनिवार-रविवारचा हिशोब, आणि इथे थोडं थांबून

पासच्या बाजूने बोलताना लोक हटकून म्हणतात, "शनिवार-रविवारी फिरायला फुकट." हे खरं आहे, पण हिशोबात कसं धरायचं यात गोंधळ होतो. मला वाटतं सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय याच वाक्यामुळे होतात.

सुट्टीच्या दिवसाच्या फेऱ्या दोन प्रकारच्या असतात. एक, ज्या तुम्ही पास नसता तरी तिकीट काढून केल्याच असत्या: दर रविवारी आईकडे जाणं, शनिवारचा वर्ग, ठरलेली दवाखान्याची खेप. या फेऱ्यांचं भाडं पास वाचवतो, म्हणून ते पूर्णपणे पासच्या बाजूला जमा करायचं. दुसरा प्रकार म्हणजे पास आहे म्हणून केलेल्या फेऱ्या: सहज जाऊन आलो, दोन स्थानकं पुढच्या बागेत चक्कर टाकली. पास नसता तर त्या झाल्या नसत्या, त्यामुळे त्यांनी एक पैसाही वाचवलेला नाही.

म्हणून त्या फेऱ्यांची किंमत शून्य, असं मी म्हणत नाही. बागेतली संध्याकाळ तुम्हाला आवडली असेल तर ती काहीतरी मोलाची आहे. पण ते मोल तिकिटाएवढं नक्कीच नाही. तेवढं असतं तर तुम्ही तिकीट काढून गेला असता. स्वतःला विचारा: या चक्करसाठी मी जास्तीत जास्त किती दिले असते? ३६ च्या फेरीला तुम्ही १० देऊन गेला असता, तर हिशोबात १० लिहा. आणि असा आकडा मनात येतच नसेल, तर ती फेरी कागदावर घेऊच नका.

मोजताना आणखी दोन गोष्टी पाहा. सुट्टीच्या दिवसाची फेरी कामाच्या मार्गाएवढ्याच अंतराची असते असं नाही. आईचं घर अर्ध्या वाटेवर असेल तर तिथलं तिकीट २२ चं असेल. मग तेवढंच जमा करायचं, ३६ नाही. उलट, पासच्या हद्दीबाहेर जायचं असेल तर हद्दीपर्यंतचा भाग पास वाचवतो आणि पुढचं तिकीट वेगळं लागतं. हे पुढचं तिकीट नेमकं कुठून धरतात आणि आधी काढावं लागतं का, हे विचारून ठेवा. नाहीतर पास हातात असूनही विनातिकीट ठरण्याची वेळ येते. शिवाय काही ठिकाणी सुट्टीच्या दिवशी भाडंच कमी असतं. तिथे ते कमी भाडं जमा करायचं.

दुसरी गोष्ट घरच्यांची. पास एका माणसाचा असतो. रविवारी चौघं निघालात तर तुमचं एक तिकीट वाचतं, बाकी तिघांची काढावीच लागतात. आणि चौघं असताना बहुतेकदा गाडी करून जाणंच ठरतं, म्हणजे त्या दिवशी पास खिशातच राहतो. कुटुंबवाल्या माणसाने सुट्टीचा वापर मोजताना हात आखडता ठेवावा. उलट काही पासांवर सुट्टीच्या दिवशी सोबतच्या एका माणसाला मोफत प्रवास असतो. अशी सोय तुमच्या पासवर असेल आणि तुम्ही ती खरंच वापरणार असाल, तर दोघांचं भाडं जमा करा.

एक हिशोब पूर्ण करून पाहू

आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्या एका मुलीने मला हाच प्रश्न विचारला होता. कागद घेऊन बसलो. समजायला सोपं जावं म्हणून इथे वरचेच आकडे वापरते: पास १,३२० चा आणि तीस दिवसांचा, कार्डावर फेरी ३६ ची. तिचं काम सोमवार ते शुक्रवार, पैकी बुधवारी घरून. महिन्यातून दोन शुक्रवारी ती परस्पर मैत्रिणीकडे जाते, म्हणजे त्या दिवशी परतीची फेरी नाही. तिची आई वाटेतल्या स्थानकाजवळ राहते. तिथे महिन्यातून तीन रविवारी जाणं होतं, एका फेरीचे २२.

पहिल्या महिन्यात सोमवारपासून मोजायचं ठरलं. कामाचे दिवस बावीस. त्यातून चार बुधवार गेले, दोन सार्वजनिक सुट्ट्या गेल्या, एक दिवस रजा. उरले पंधरा दिवस. पंधरा दुणे तीस, वजा दोन शुक्रवारच्या परतीच्या फेऱ्या, म्हणजे अठ्ठावीस. अठ्ठावीस गुणिले ३६ म्हणजे १,००८. आईकडच्या सहा फेऱ्या गुणिले २२ म्हणजे १३२. एकूण १,१४०. पासपेक्षा १८० कमी. त्या महिन्यात तिने तिकिटंच काढली.

ती निघताना म्हणाली, "पण ताई, शनिवारी मी फिरायला गेले असते की."

मी म्हटलं, "गेली असतीस. पण त्यासाठी १८० दिले असतेस का?"

थोडा विचार करून ती नाही म्हणाली. एवढाच तो प्रश्न असतो.

दुसऱ्या महिन्यात सुट्टी नव्हती, रजाही नव्हती. तिला वाटलं, आता पास नक्की. पहिले तीस दिवस मंगळवारी संपत होते, म्हणून बुधवारपासून मोजलं. कामाचे दिवस बावीस. पण बुधवारी सुरुवात केली की बुधवार आणि गुरुवार पाच-पाच वेळा येतात, आणि बुधवारी तर ती घरी असते! पाच बुधवार वजा करून सतरा दिवस. चौतीस फेऱ्या, वजा दोन, म्हणजे बत्तीस. बत्तीस गुणिले ३६ म्हणजे १,१५२, अधिक आईकडचे १३२, एकूण १,२८४. अजूनही पासपेक्षा ३६ कमीच.

मग सुरुवात एक दिवस पुढे ढकलून गुरुवारपासून मोजलं. बुधवारी ती कुठे जातच नाही, त्यामुळे थांबण्याचा खर्च काहीच नाही. गुरुवारपासूनच्या तीस दिवसांत गुरुवार आणि शुक्रवार पाच-पाच वेळा येतात आणि बुधवार चारच. बावीसातून चार गेले, अठरा दिवस उरले. छत्तीस फेऱ्या, वजा दोन, चौतीस. चौतीस गुणिले ३६ म्हणजे १,२२४, अधिक १३२, एकूण १,३५६. आता पास ३६ ने स्वस्त. महिना तोच, सवयी त्याच, भाडं तेच. फक्त पास एक दिवस उशिरा सुरू करून निर्णय उलटला.

एक नियम यातून हाताशी लागतो. तुमचा घरून कामाचा दिवस ठरलेला असेल, तर पासची सुरुवात त्या दिवशी करू नका, आणि त्याच्या आदल्या दिवशीही नको. दोन्ही वेळा तो दिवस पाचदा येतो.

३६ च्या फायद्यासाठी पास घ्यावा का?

इथे माझं मत सांगते. एवढ्या बारीक फायद्यासाठी मी स्वतः पास घेत नाही, आणि त्याचं कारण कागदावर दाखवता येतं.

एका फेरीची चूक दोन्ही बाजूंनी सारखीच महाग आहे: पास घेतला आणि एक फेरी कमी झाली तर ३६ वाया, तिकिटं घेतली आणि वसुलीच्या आकड्यापुढे एक फेरी जास्त झाली तर ३६ जादा. पण चूक किती मोठी होऊ शकते, हे दोन्हीकडे सारखं नाही. तिकिटांच्या बाजूने चुकलात तर जास्तीत जास्त काय होईल? बावीसही दिवस दोन्ही वेळा गाडीने गेलात: चव्वेचाळीस फेऱ्या, १,५८४. पासपेक्षा २६४ जादा. कामाच्या प्रवासात याहून मोठं नुकसान होऊच शकत नाही, कारण महिन्यात कामाचे दिवसच तेवढे असतात. पासच्या बाजूने चुकलात, म्हणजे पास काढला आणि तिसऱ्या दिवशी ताप भरून दोन आठवडे घरी राहिलात, तर साडेचारशे तरी सहज जातात. म्हणून फेऱ्यांचा अंदाज डळमळीत असताना तिकिटाकडे झुकणं शहाणपणाचं आहे. नव्या नोकरीत, नव्या घरात, पहिल्या महिन्यात अंदाज डळमळीतच असतो.

मी दोन दिवसांची पोकळी ठेवते. वसुलीचा आकडा ३७ असेल तर माझ्या मोजणीत सगळं धरून ४१ फेऱ्यांच्या बरोबरीचं भाडं आलं, तरच पास. एखादं आजारपण आणि एखादी अचानक रजा त्यात सामावते. तुमचं काम अगदी ठरलेल्या वेळांचं असेल तर एक दिवसाची पोकळी पुरेल.

याच्या उलट बाजूला पैशांत न मोजता येणारी सोय आहे, आणि तीही खरी आहे. तिकिटासाठी रोज रांगेत उभं राहावं लागत असेल आणि दहा मिनिटं जात असतील, तर वीस दिवसांच्या चाळीस फेऱ्यांत साडेसहा तासांहून जास्त वेळ जातो. घाईत तिकीट राहिलं आणि पकडलं गेलो, तर एका दंडात कित्येक महिन्यांची बचत जाते. ज्याला अशी घाई रोज असते, त्याने ३६ काय, शंभरचं नुकसान सोसूनही पास घ्यावा. पण जिथे कार्ड टेकवून थेट आत जाता येतं, तिथे रांगेचा मुद्दा उरतच नाही. कार्डात शिल्लक ठेवायची आठवण राहिली की झालं.

आणि तुमच्या मार्गावर भाड्याला कमाल मर्यादा लावण्याची पद्धत असेल, म्हणजे कार्डावर ठरावीक रकमेच्या फेऱ्या झाल्या की त्या आठवड्यातला किंवा महिन्यातला पुढचा प्रवास मोफत होत असेल, तर हा सगळा विचार सोडून द्या. पासच्या पूर्ण काळात मिळून होणारी मर्यादा पासच्या किमतीएवढी किंवा त्याहून कमी असेल तर फेरीमागे पैसे देणं केव्हाही चांगलं. फक्त प्रत्येक वेळी तेच कार्ड वापरा. एकदा कार्ड, एकदा फोन असं केलंत तर दोन्हींची मोजणी वेगवेगळी होते आणि मर्यादा कधीच गाठली जात नाही.

तीन महिन्यांच्या पासबद्दल थोडक्यात

त्रैमासिक पास दर महिन्याच्या मानाने स्वस्त पडतो, म्हणून मोह होतो. पण त्यात वरची सगळी अनिश्चितता तिप्पट होते, आणि सुट्ट्यांचा महिना सोडून द्यायची मुभा जाते. आमच्या त्या मुलीला पहिला महिना तिकिटांनी १८० वाचवून गेला. त्रैमासिक पासात तो महिना वगळता आला नसता. तिन्ही महिन्यांची मोजणी वेगवेगळी करा, प्रत्येक महिन्यात जे स्वस्त ते निवडून बेरीज करा, आणि ती त्रैमासिक पासच्या किमतीशी ताडून पाहा. मध्येच पास परत करून उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतील, या भरवशावर तो घेऊ नका. परतावा बहुतेकदा दिवसांच्या प्रमाणात नसतो. वापरलेला काळ महाग दराने कापून उरलेलं देतात. पास घेण्याआधी तो नियम वाचा.

पास संपतो त्या आठवड्यात

गुरुवारी सुरू झालेला तीस दिवसांचा पास शुक्रवारी संपतो. त्या मुलीचाही तसाच संपला. रविवारी आईकडे जायचं होतं, म्हणून तिने विचारलं की नवा पास रविवारपासून घेऊ का, तेवढे ४४ वाचतील.

आम्ही पुन्हा वार मोजले. रविवारी सुरू केलेला पास एका सोमवारी संपतो, सोमवारी सुरू केलेला मंगळवारी. म्हणजे रविवार पुढे घेतला की शेवटचा मंगळवार हातून जातो. रविवारच्या दोन फेऱ्या ४४ च्या, मंगळवारच्या दोन फेऱ्या ७२ च्या. तिने रविवारी तिकीट काढलं आणि पास सोमवारपासून सुरू केला.